दोन रकान्यांवरून तिसरा: लेप्टो पत्रकाच्या मराठी अनुवादाच्या नोंदी

१८ मे, कुडाळ

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी काम दिलं. लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं एक पत्रक, ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापलेलं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे हिंदी. पत्रक दुसऱ्या राज्यातलं आहे. मॅडमना ते मराठीत हवंय आणि भाताची लावणी सुरू व्हायच्या आत गावागावांत पोचायला हवंय, म्हणजे माझ्याकडे जेमतेम महिना आहे. आमच्या भागात लेप्टो येतो तो चिखलणी आणि लावणीच्याच दिवसांत. भाताचा तरवा म्हणजे रोपं काढणारी बाई तासन्‌तास चिखलात बसलेली असते, पायाला भेगा, बोटांना कापलेलं. त्या पाण्यात उंदराची लघवी मिसळलेली असली की जंतूंना आत शिरायला तेवढी वाट पुरते.

मॅडम म्हणाल्या, "हिंदी वाचून सरळ मराठी करून टाका, सोपं जाईल." मी थांबले. हिंदीवरून मराठी करणं सोपं जातं, आणि चुका तिथेच होतात. लिपी एक असल्यामुळे शब्द तसाच्या तसा उतरतो आणि अर्थ मागे राहतो. त्यामुळे ठरवलं की आधी मराठीला हात लावायचा नाही. दोन्ही रकाने वाक्यागणिक एकमेकांसमोर ठेवायचे, एकाने दुसऱ्याची झडती घ्यायची, आणि दोघांचं पटल्यावरच मराठीचा रकाना उघडायचा.

२० मे

पत्रकाची पीडीएफ मिळाली, पण हिंदी मजकूर उचलता येईना. जुन्या कृतिदेव फाँटात बसवलेला आहे. दिसायला हिंदी, पण कॉपी करून तक्त्यात टाकला की रोमन अक्षरांचा कचरा पडतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, आणि औषधाच्या पत्रकात तो धोका नको. सगळी हिंदी हाताने टंकली.

दोन संध्याकाळी गेल्या, पण त्याचा फायदा झाला. नजर फिरवून वाचताना मेंदू पुढचं स्वतःच भरतो. टंकताना प्रत्येक अक्षरापाशी थांबावं लागतं. "सप्ताह में दो" पाशी बोटं थांबली. त्याची वेगळी नोंद करणार आहे.

२२ मे

तक्ता तयार. पाच उभे रकाने: वाक्याचा क्रमांक, इंग्रजी, हिंदी, शेरा, आणि रिकामा मराठी. प्रत्येक आडव्या ओळीत एकच वाक्य.

दोन्हीकडची वाक्यं मोजली. इंग्रजी ३८, हिंदीही ३८. बरं वाटलं, ते चुकीचं होतं. जोडत गेले तर औषधाच्या भागात जोड्या एकेका ओळीने घसरू लागल्या. कारण मागाहून सापडलं. जखमेबद्दलचं एक लांब इंग्रजी वाक्य हिंदीत दोन केलं होतं, आणि पुढे एक इंग्रजी वाक्य हिंदीत उतरलंच नव्हतं. एक वाढलं, एक गळलं, बेरीज जुळली.

गळालेलं वाक्य असं होतं: कॅप्सूल भरपूर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नका. डॉक्सीसायक्लिन, म्हणजे लेप्टो टाळण्यासाठी पत्रकात सांगितलेलं औषध, त्याच्या बाबतीत ते गाळून चालणारच नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जळजळते, व्रण पडतो. दिवसभर वाकून लावणी केलेली बाई रात्री जेवल्यावर घोटभर पाण्याने गोळी गिळून अंथरुणाला पाठ टेकते. आमच्याकडे घडणार ते नेमकं हेच. हिंदीवरून सरळ मराठी केलं असतं तर हे वाक्य मला दिसलंच नसतं, आणि ते गेलं हे कुणाला कळलंही नसतं.

तेव्हा नुसती मोजणी पुरत नाही. आता प्रत्येक जोडीत वस्तू तपासतेय: आकडे, शरीराचे भाग, "नाही" आणि "शिवाय" असे शब्द, काळ. या चार गोष्टी दोन्हीकडे सारख्या असल्या तरच शेऱ्यात बरोबरची खूण.

२३ मे

लक्षणांच्या ओळी. इंग्रजीत अंगदुखीपुढे लिहिलंय की ती विशेषतः "काफ" आणि मांड्यांमध्ये असते. काफ म्हणजे वासरू आणि काफ म्हणजे पोटरीही. दोनच ओळी वर गुरांचा उल्लेख आहे, त्यामुळे घाईत वाचणारा माणूस सहज वासरावर जाईल. शेजारच्या रकान्यात "पिंडलियों" आहे, म्हणजे पोटऱ्या. इंग्रजीतला दुहेरीपणा हिंदीने मिटवला. पोटऱ्या दाबल्या की कळ येणं ही लेप्टोची मोठी खूण आहे, म्हणून हा शब्द गावात पहिल्या वाचनात कळलाच पाहिजे.

त्याच वाक्यात हिंदीने सापळाही लावला होता. पुढचा शब्द "जाँघों". मराठीत जांघ म्हणजे कंबर आणि मांडी यांच्यामधली घडी, जिथे गाठ येते ती जागा. हिंदीत जाँघ म्हणजे मांडी. हिंदीवरून आलं असतं तर "जांघेत दुखणे" असं छापून गेलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते एखाद्या वेगळ्याच आजाराचं वाटलं असतं. इथे इंग्रजीने हिंदीपासून वाचवलं. एकाच वाक्यात दोन्ही रकाने एकमेकांच्या उपयोगी पडले.

तक्त्याच्या टोकाला आता असे शब्द वेगळे लिहून ठेवतेय. "पीठ में दर्द" म्हणजे पाठदुखी, आपल्या पिठाशी संबंध नाही. "दस्त" म्हणजे जुलाब, तलाठ्याकडचा दस्त नव्हे. "तेज़ धूप से बचें" म्हणजे कडक उन्हापासून जपा. हे औषध चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते. देवापुढच्या धुपाशी त्याचा संबंध नाही. "खाली पेट" म्हणजे उपाशीपोटी. लिपी वेगळी असती तर यांतला एकही शब्द फसवू शकला नसता.

२५ मे

आता तो "सप्ताह में दो".

इंग्रजी म्हणतं: डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. हिंदी म्हणतं: डॉक्सीसाइक्लिन १०० मि.ग्रा., सप्ताह में दो.

आधी वाटलं जुळतंय. शंभराच्या दोन म्हणजे दोनशे, आठवडाही तोच. आकड्यांची झडती इथे पास होते. पण गोळी घेणाऱ्याच्या जागी बसून वाचलं की हिंदीचे दोन अर्थ निघतात. दोन्ही कॅप्सूल एकदम, किंवा एक सोमवारी आणि एक गुरुवारी. इंग्रजीत दुसऱ्या अर्थाला जागाच नाही, "एकदा" म्हणजे एकदा. उलट इंग्रजी कॅप्सूल किती ते सांगत नाही. बाईच्या हातात पडते ती पट्टी १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलची. तिच्यावर "२००" कुठेच नाही. इंग्रजीचं नुसतं भाषांतर केलं तर ती एकच घेईल.

म्हणजे दोन्ही वाक्यं अर्धीअर्धी आहेत. एकाला वेळ माहीत आहे, दुसऱ्याला कॅप्सूल. दोन्ही जोडून मराठी वाक्य मला सुचतंय, पण ते मी माझ्या मनाने लिहिणार नाही. शेऱ्यात लाल रंग केला आणि मॅडमना प्रश्न पाठवला. प्रश्नासोबत दोन्ही वाक्यं आणि दोन्ही अर्थ लिहिले. "बरोबर आहे ना?" एवढंच विचारलं तर "हो" येतं, त्यातून काही कळत नाही.

खालच्याच ओळीतला वयाचा फरकही त्यात घातला. इंग्रजी: आठ वर्षांखालील मुलांना देऊ नये. हिंदी: "८ वर्ष तक के बच्चों को". आठ पूर्ण झालेलं मूल इंग्रजीप्रमाणे मनाईच्या बाहेर, हिंदीप्रमाणे आत.

२६ मे

दुपारी उत्तर आलं. दोन्ही कॅप्सूल एकाच वेळी, आठवड्यातून एकदा, आणि तेही आरोग्य कर्मचाऱ्याने दिल्या असतील तरच. वयाला इंग्रजीची मर्यादा बरोबर: आठ पूर्ण झालेले नसतील तर नाही. गरोदर बायांनाही नाही. ती ओळ दोन्हीकडे नीट आहे.

"आठ पूर्ण" हे शब्द मी मुद्दाम मागून घेतले. आपल्याकडे वय विचारलं की "आठवं लागलं" असं सांगतात, म्हणजे पुरी झालेली सात. ही अडचण इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही, ती मराठीची स्वतःची आहे. ती कुठल्याच रकान्यात सापडली नसती.

२९ मे

दोन ओळी, दोन्ही ठिकाणी हिंदीत कमी.

पहिली जंतूंबद्दल. इंग्रजीत आहे की बाधित जनावरांच्या लघवीतून जंतू पाण्यात आणि मातीत येतात, आणि पुढे उंदीरवर्गीय प्राणी, गुरं, डुकरं, कुत्री अशी यादी. हिंदीत फक्त "चूहों के मूत्र से". हिंदी करणाऱ्याने मुख्य कारण धरलं आणि बाकीचं सोडलं असावं. आमच्यासाठी हे फार तोट्याचं. इथे गोठा घराला लागून असतो, शेण काढायला अनवाणीच जातात. "उंदरांमुळे होतो" एवढंच वाचलं तर गोठ्यात काळजी घ्यायची हे कुणाच्या मनातही येणार नाही. मराठीत इंग्रजी यादी पूर्ण घेतली. फक्त "उंदीरवर्गीय प्राणी" असं कुणी बोलत नाही. "उंदीर, घुशी" असं केलं, मॅडमना विचारून. शेतात आणि माजघरात त्याच असतात.

दुसरी डोळ्यांची. इंग्रजी: डोळे लाल होणे, पण स्राव नाही. हिंदी: "आँखें लाल होना", बस. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असतेच. नुसतं "डोळे लाल" लिहिलं तर अर्धा गाव घाबरेल. उलट खरा लेप्टोवाला "डोळे आलेत, जातील" म्हणून घरी बसेल, आणि त्याची भीती जास्त. मराठी: "डोळे लालभडक होतात, पण चिपडं धरत नाहीत." पत्रकात हे वाक्य मला सगळ्यात जास्त आवडतं. इंग्रजीतला तो छोटासा नकार त्यात पूर्ण उतरलाय.

१ जून

मूळ कोणतं हे शोधत होते. दोन रकान्यांची साक्ष किती धरायची ते त्यावर ठरतं. हिंदीत "के द्वारा" जागोजागी आहे, "कार्यकर्ता के द्वारा दी गई दवा" वगैरे. हिंदीत विचार करून लिहिणारा माणूस इतकं तसं लिहीत नाही, म्हणजे हिंदी इंग्रजीवरून झाली आहे. पण जखमेच्या जागी हिंदी जास्त स्पष्ट आहे, तिथे नंतर कुणीतरी सुधारलेलं दिसतं.

म्हणून हे दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत. दुसरा बराचसा पहिल्याकडून ऐकून बोलतोय. ते वेगळं बोलले की कुठेतरी गडबड आहे हे नक्की कळतं, पण सारखं बोलले म्हणून ते खरं असं होत नाही. शेवटच्या ओळीतच हे दिसलं. मदतीचा फोन क्रमांक दोन्हीकडे अंकशः एक, मी बरोबरची खूणही केली होती. आणि क्रमांक त्या दुसऱ्या राज्यातला, इथे निरुपयोगी. आता रुग्णवाहिकेचा १०८ आणि आरोग्य केंद्राचा फोन येईल.

त्यानंतर बरोबरची खूण असलेल्या सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी एकच प्रश्न घेऊन: हे इथे, या मातीत लागू आहे का? एक सापडली. "रबरी बूट घाला", दोन्हीकडे तेच. चिखलणी केलेल्या मळ्यात गुडघाभर गाळात बूट रुततो, पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो. हा सल्ला बदलायचा अधिकार मला नाही. मॅडमना लिहिलं. त्यांनी वाक्य वाढवून दिलं: बांधावर, गोठ्यात आणि साठलेल्या पाण्यातून जाताना बूट, लावणीत बूट चालत नसतील तर भेगा-जखमा झाकून उतरा आणि बाहेर आल्या आल्या साबणाने हातपाय धुवा.

४ जून

मराठीचा रकाना भरायला घेतला. दोन दिवसांत ३१ ओळी. एवढा वेग आला कारण अर्थावर घुटमळायचं काही उरलं नव्हतं.

अडले ते जखमेच्या वाक्यावर. इंग्रजी एका श्वासात म्हणतं की जखम जलरोधक पट्टीने झाकलेली असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. हिंदीने त्याची दोन केली आहेत: जखम असेल तर उतरू नका, उतरावंच लागलं तर जलरोधक पट्टी बांधा. "असल्याशिवाय… नका" असे दोन नकार एकात एक घातले की ऐकणारा शेवटचाच धरतो. हिंदीची बांधणी घेतली.

"जलरोधक" मात्र घेतला नाही. आमच्याकडे बोट कापलं की जुन्या लुगड्याचा फडका बांधतात. तो भिजतो आणि घाण पाणी जखमेवर धरून ठेवतो. "पाणी आत जाणार नाही अशी पट्टी. कापडाचा फडका नको." दुसरं छोटं वाक्य मूळ पत्रकात नाही, म्हणून शेऱ्यात "अनुवादकाची भर, मंजुरी हवी" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

९ जून

मृग लागला, पण पाऊस अजून रांगेलाच आहे. सांजवेळी मामीकडे गेले. मामीला हिंदी ऐकून थोडं कळतं, इंग्रजी नाही, आणि जन्म शेतात गेलाय. तिला मराठी मसुदा वाचून दाखवला. मूळ पत्रक तिने पाहिलेलं नाही, म्हणूनच तिच्याकडे नेला. माझ्या डोक्यात तीन रकाने आहेत, तिच्या डोक्यात एकही नाही.

पोटऱ्या कळल्या. चिपडांचं वाक्य ऐकून तिने मान हलवली. गोळीच्या वाक्यावर थांबली. मी लिहिलं होतं: "दर आठ दिवसांनी, एकाच वेळी दोन कॅप्सूल."

"आठ दिवसांनी म्हणजे खयच्या वारी?" मामीने विचारलं.

मी म्हटलं, सोमवारी घेतली तर पुढच्या सोमवारी.

"मग सोमवारची गोळी सोमवारीच घेवची, इतक्याच लिही गो. आठ मोजूक गेलंय तर मंगळवार येतलो."

खरंच की. आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो, कारण सोमवार ते सोमवार दोन्ही टोकं धरतो. बोलताना चालतं, गोळीच्या कागदावर नाही. कुणी बोटं मोजून आठ दिवस सोडले की दर खेपेला एक दिवस पुढे. तीन भाषांची झडती मी घेतली, आणि चूक माझ्या मातृभाषेतल्या सगळ्यात ओळखीच्या शब्दांत बसली होती. इंग्रजीत "वीक" आहे, हिंदीत "सप्ताह", दोन्हीकडे सात. आठ मी आणले.

नवं वाक्य: "आठवड्यातून एकदाच घ्या. १०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल एकाच वेळी, जेवल्यानंतर, पेलाभर पाण्यासोबत. पहिल्यांदा ज्या वारी घेतली, त्याच वारी पुढची घ्या. घेतल्यावर अर्धा तास आडवे होऊ नका." खाली वार लिहायला एक रिकामी चौकट सुचवली. आशाताई पेनाने भरू शकतील.

१२ जून

उलटी तपासणी. मामेबहीण बारावीला आहे, इंग्रजी चांगलं. तिला फक्त मराठी दिलं आणि म्हटलं, तुला कळलं ते इंग्रजीत लिही, शोभिवंत नको. तिचं इंग्रजी मूळ इंग्रजीसमोर ठेवलं. ३८ पैकी ३६ ओळींत आशय जुळला.

दोन नाहीत. एकीत तिने "लघवी कमी होणे" म्हणजे कमी वेळा जावं लागणं असं धरलं होतं. मूळ अर्थ प्रमाणाचा आहे, मूत्रपिंडावर परिणाम झाल्याची ती खूण. आता "दिवसभरात लघवी फारच थोडी होणे". दुसरीत तिने स्वतःच शब्द सोडला होता, मराठी ठीक आहे.

१७ जून

छापखान्यात प्रूफ पाहिलं. मॅडमनी एक चांगली गोष्ट ठरवली आहे: इंग्रजी काढून हिंदी ठेवायची, म्हणजे पत्रक मराठी-हिंदी होईल. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं आहेत, बांधकामावर उत्तरेकडचे मजूर आहेत, त्यांना हिंदी कळते. म्हणून हिंदी रकानाही दुरुस्त करून दिला. गळालेलं अर्ध्या तासाचं वाक्य घातलं, उंदरांपुढे गुरं, डुकरं, कुत्री आली, आणि "सप्ताह में दो" च्या जागी "सप्ताह में एक बार, दो कैप्सूल एक साथ".

प्रूफमध्ये एक घसरण सापडली. मराठी मजकूर लांब झाल्यामुळे जुळवणाऱ्याने डावीकडची ओळ मोडली आणि औषधाच्या भागातला उजवा रकाना एक परिच्छेद वर सरकला. गरोदर बायांच्या मराठी ओळीसमोर हिंदीत उन्हाची ओळ आली होती. त्यांना प्रत्येक परिच्छेदाला दोन्हीकडे तोच क्रमांक घालायला सांगितलं, आता सरकलं तर लगेच दिसेल. वाराची चौकट त्यांनी फार लहान काढली होती, "मंगळवार" मावत नव्हता. ती वाढवून घेतली. दुसरं प्रूफ परवा.